गुहागरला जमलं, डोंबिवलीत का नाही?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, माझं वय ३५, ह्यांचं ३८. लग्नाला नऊ वर्षं झाली, मुलगी सहा वर्षांची. मी फोर्टला बँकेत आहे, हे घरून अमेरिकेतल्या कंपनीचं काम करतात. गेल्या दिवाळीत ह्यांचा प्रोजेक्ट बदलला, तेव्हापासून आमच्यात नवरा-बायकोचं असं काही उरलंच नाही. भांडण नाही, अबोला नाही. आधी हे जवळ यायचे तर मला नको व्हायचं. आता ह्यांनीही सोडून दिलंय. मे महिन्यात चार दिवस गुहागरला गेलो होतो, तिसऱ्या दिवशी सगळं पूर्वीसारखं झालं. घरी आलो आणि पुन्हा जैसे थे. मैत्रीण म्हणते, त्यांचं बाहेर काहीतरी असणार. ह्यांनी ऑनलाइन कसल्याशा शक्तिवर्धक कॅप्सूल मागवल्यात, त्या कपाटात मला सापडल्या. आमच्यातलं प्रेम आटलं का? कोणाला दाखवू? सोबत तुमच्या सांगण्यावरून दोघांचा आठवड्याचा दिनक्रम लिहून पाठवत आहे.

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य गुहागरचं आहे, आणि तुम्ही ते जाता जाता लिहून टाकलंय. असं पत्र आलं की मी आधी तेच शोधतो: ही इच्छा सगळीकडे गेली आहे की फक्त घरी? थायरॉइड बिघडलं असेल, रक्तवाहिन्यांत दोष असेल किंवा एखाद्या औषधाचा परिणाम असेल, तर तो आजार तुमच्याबरोबर गाडीत बसून गुहागरलाही येतो. समुद्र बघून तो बरा होत नाही. तुमचं जे गेलं होतं ते तीन दिवसांत परत आलं. म्हणजे यंत्र शाबूत आहे, त्याला चालायला जागा मिळत नाहीये.

आणि ते पहिल्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी आलं. पहिले दोन दिवस तुम्ही काय केलंत ते आठवा. माझा अंदाज, दोघंही झोपलात. आमरसपुरी खाऊन दुपारी आडवे झालात ते चहालाच उठलात. उधारी फिटल्यावरच बाकीचं सुचतं.

आता दिनक्रमाकडे येतो. मी तो कागद समोर ठेवून पेन्सिलने बेरजा केल्या. तुम्ही सव्वापाचला उठता आणि पावणेबाराला आडव्या होता, म्हणजे साडेपाच तास झोप. मिस्टर रात्री पावणेदोनला झोपतात आणि मुलीच्या व्हॅनसाठी सातला उठतात. त्यांची सव्वापाच तास. प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात. दोघांनाही रोज दीड-पावणेदोन तास कमी पडतात, म्हणजे सोमवार ते शुक्रवार मिळून जवळजवळ एक अख्खी रात्र तुम्ही न झोपता काढता, फक्त ती हप्त्याहप्त्याने, म्हणून जाणवत नाही.

दुसरी बेरीज मला जास्त बोलकी वाटली. तुम्ही दोघं एकाच घरात, जागे, आणि कामावर नाही, असा वेळ किती? सकाळी सात ते सात पंचवीस, कारण तुमची लोकल. त्यातही डबे, वेणी आणि खाली व्हॅनचा हॉर्न. संध्याकाळी पावणेआठला तुम्ही दार उघडता तेव्हा मिस्टर हेडफोन लावून कॉलवर असतात. नऊला जेवायला वीस मिनिटं. मग पुन्हा कॉल, त्यानंतर मेल, आणि तुम्ही झोपून गेल्यावर ते मोकळे. बेरीज आली दिवसाला पंचेचाळीस मिनिटं, आणि त्यातलं प्रत्येक मिनिट मुलीच्या देखत. प्रेम आटलं की नाही हे या पंचेचाळीस मिनिटांत कळायचं तरी कसं?

आता शरीरात काय होतं ते सांगतो, कारण ते कळलं की एकमेकांवरचा निम्मा राग जातो.

शिकागो विद्यापीठात २०११ साली एक छोटा प्रयोग झाला. दहा निरोगी तरुण पुरुषांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं. त्यांच्या रक्तातलं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे इच्छेशी जोडलेलं पुरुषी हार्मोन, दहा ते पंधरा टक्क्यांनी उतरलं. दहाच माणसं होती, तेव्हा त्यावर इमले बांधू नयेत. पण ती विशीतली, धडधाकट माणसं होती आणि एकाच आठवड्यात हे झालं. तुमचे मिस्टर अडतिशीचे आहेत आणि दहा महिने तेवढ्याच झोपेवर चालले आहेत. बायकांच्या बाबतीत मिशिगनमधला एक अभ्यास आहे. कॉलेजातल्या १७१ मुलींनी दोन आठवडे रोज झोपेची आणि इच्छेची नोंद ठेवली. ज्या रात्री तासभर जास्त झोप झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी जोडीदाराशी संबंध येण्याची शक्यता चौदा टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्यांना संसार नव्हता, सहा वर्षांचं मूल नव्हतं, म्हणून हा आकडा जसाच्या तसा तुम्हाला लागू करू नका. दिशा मात्र तीच.

त्यात ताणाची भर. संकट आलं की शरीर कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन सोडतं आणि मेंदू आतल्या खात्यांना निरोप पाठवतो की सध्या दुरुस्ती, पचन, प्रजनन सगळं थांबवा. वाघ मागे लागला असताना हे शहाणपणाचंच आहे. पण डेडलाइन हा वाघ रोज रात्री येतो आणि कधीच निघून जात नाही, त्यामुळे 'सध्या'ची वर्षं होतात. शरीराने इच्छा मोडीत काढलेली नसते. ती पुढच्या तारखेला ढकलत राहिलेलं असतं.

लैंगिकतेवर काम करणारे बॅनक्रॉफ्ट आणि यान्सन हे दोन संशोधक हे गाडीच्या भाषेत सांगतात: एक पाय अॅक्सिलरेटरवर, एक ब्रेकवर. इच्छा कमी झाली की आपण सगळे अॅक्सिलरेटरकडे धावतो. नवी साडी, हॉटेल, कॅप्सूल. तुमच्या घरी अॅक्सिलरेटरला काही झालेलं नाही, गुहागरला तो दाबला तसा चालला. घरी ब्रेकवर दोन्ही पाय आहेत.

कॅप्सूलबद्दल इथेच बोलून घेतो, ते थोडं कडक आहे. त्या आजपासून बंद. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या असल्या गोळ्यांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, न सांगता मिसळलेलं सापडतं. अमेरिकेतलं औषध खातं याबद्दल वर्षानुवर्षं इशारे देतंय. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसाने हे नकळत घेतलं तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. शिवाय खरं सिल्डेनाफिलसुद्धा रक्तप्रवाहावर काम करतं, इच्छेवर नाही. दमलेल्या माणसाला ते ताठरता देईल, ओढ देणार नाही. पण कपाटात सापडल्या म्हणून त्यांना कोर्टात उभं केल्यासारखं विचारू नका. लपवून मागवलेली कॅप्सूल म्हणजे त्या माणसाने, 'दोष माझ्यातच आहे', असा निकाल स्वतःविरुद्ध देऊन टाकलेला असतो. तुम्ही 'नको' म्हणालात त्या रात्रींचा त्यांनी लावलेला अर्थ तो.

त्या रात्रींचा हिशोब करू. मिस्टर जवळ यायचे ते त्यांच्या झोपायच्या वेळी, म्हणजे पावणेदोनला. तुम्हाला झोप लागून दोन तास झालेले, गजर व्हायला साडेतीन तास उरलेले. त्या घटकेला 'नको' म्हणाली ती तुमची झोप, तुम्ही नाही. त्यांनी मात्र ते बायकोचं उत्तर म्हणून ऐकलं. असं पाच-सहा वेळा झालं की पुरुष विचारणं सोडतो, आणि त्याने सोडलं की बायको म्हणते, बघ, ह्यांनाही गरज नाही. मैत्रिणीच्या शंकेचा उगम हाच. शंका निराधारच असते असं मी म्हणत नाही, पण पावणेदोनपर्यंत घरातल्या खुर्चीत बसलेल्या आणि सातला मुलीला व्हॅनमध्ये बसवणाऱ्या माणसाला बाहेर काही करायला तास कुठून मिळतो, हे तिला विचारा.

तुमच्या बाजूला आणखी एक गाठ असणार. तुम्ही ती लिहिलेली नाही, पण माझ्यासमोर बसणाऱ्या दहातल्या आठ बायका ती सांगतात. खांद्यावर हात आला की मनात येतं, आता पुढचं आलंच. म्हणून मग हातच टाळला जातो. चहा देताना बोटं लागायची ती लागत नाहीत, सोफ्यावर मधे उशी येते. पुढचं टाळता टाळता अलीकडचं सगळं जातं. आणि तुमच्या वयात, नऊ वर्षांच्या संसारानंतर, इच्छेची वाट त्या अलीकडच्यातूनच जाते. रोझमेरी बॅसन या कॅनडातल्या डॉक्टरांनी २००० साली हे नीट मांडलं: पुष्कळ स्त्रियांना, आणि काही पुरुषांनाही, इच्छा आधी होत नाही. जवळीक सुरू झाल्यावर ती मागून येते. आपल्याकडे म्हणतात तसं, भूक नव्हती, पण पानावर बसल्यावर चार घास गेले. तुम्ही भूक लागण्याची वाट बघत पानावर बसायचंच सोडलंय. मात्र हे 'तयार नसलीस तरी हो म्हण' असं कुणी ऐकवायला वापरू नये. पानावर बसलेल्या माणसाला उठून जायची मुभा हवीच, नाहीतर ब्रेक आणखी घट्ट होतो.

आता ब्रेकवरचे पाय एकेक करून काढू.

तुमच्या रात्रीचा शेवटचा तास मी पुन्हा पुन्हा वाचला. पावणेअकरा ते पावणेबारा: मटकी भिजत घालणं, उद्याची गवार मोडून ठेवणं, युनिफॉर्मला इस्त्री, ओटा, मुलीच्या शाळेच्या ग्रुपवरचा निरोप बघून चार्ट पेपर आहे का ते शोधणं. हा तास तुमच्या झोपेतून कापलेला आहे. आणि सकाळचा पहिला अर्धा तास कणीक आणि फोडणीत जातो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्यातला दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला होता, पुरुषांचा ९७. तुमचं घर त्या आकड्याला फारसा अपवाद नाही, मिस्टर दिवसभर घरात असूनही. त्यांचं लॉगिन दुपारी दोनला. मुलीला व्हॅनमध्ये बसवल्यापासून दोनपर्यंत अमेरिका झोपलेली असते.

ते 'सांग, काय करू' म्हणतात असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. चांगलं आहे, पण पुरेसं नाही. सांगायला लागणं हेच निम्मं काम आहे. यादी तुमच्याच डोक्यात राहते आणि ती यादी घेऊनच तुम्ही बिछान्यात शिरता. म्हणून कामं वाटू नका, अख्खी खाती द्या. डब्याचं खातं त्यांचं: कुठली भाजी, ती आहे की नाही, आणायची कधी, चिरायची कधी, कडधान्य भिजवायचं कधी, सगळं. दोन आठवडे मुलीला तीनदा बटाट्याची भाजी मिळेल. मिळू दे. मधे तोंड घालू नका. युनिफॉर्म आणि शाळेचा ग्रुप हे दुसरं खातं, तेही त्यांचं. यामुळे तुमचा रात्रीचा तास सुटतो आणि सकाळी तुम्ही सव्वापाचऐवजी पावणेसहाला उठू शकता. पावणेअकरा ते पावणेसहा, बरोबर सात तास. मी आकडे ओढूनताणून जमवलेले नाहीत, तुमच्याच कागदावर ते होते.

मिस्टरांचं गणित वेगळं आहे. कॉल अकराला संपतो, मेल बाराला. मग बारा ते पावणेदोन ते काय करतात? तुम्ही लिहिलंय, 'मोबाइल'. त्यावर रागावू नका. दिवसभरात स्वतःचा असा तेवढाच वेळ त्या माणसाला मिळतो, आणि ताठलेला मेंदू लॅपटॉप मिटल्याबरोबर झोपत नाही. पण पाऊण तास पुरतो. पावणेएकला दिवा बंद, तर सातपर्यंत सव्वासहा तास होतात. व्हॅन गेल्यावर पुन्हा पाऊण तास आडवं व्हायचं, की त्यांचेही सात भरले. तुकड्यांतली झोप सलग झोपेइतकी चांगली नसते, पण सव्वापाच तासांपेक्षा कितीतरी बरी. आणि रात्री नऊच्या जेवणानंतरचा कॉफीचा मग बंद करावा. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री दोन वाजताही त्यातली अर्धी कॉफी अंगात असते.

पहिले दोन आठवडे एवढंच करायचं. शरीरसंबंधाचा विषय दोघांनी ठरवून बाजूला ठेवायचा, मोठ्याने बोलून ठेवायचा. हे ऐकून लोक चमकतात, पण 'आज काही अपेक्षा नाही' हे नक्की माहीत असलं की खांद्यावरचा हात पुन्हा नुसता हात होतो. तेवढ्याने सोफ्यावरची उशी हलते.

तिसऱ्या आठवड्यापासून वेळ शोधायची. ती रात्री शोधू नका. रात्र तुमच्या घरात दोघांचीही उरलेली शिळी वेळ आहे. तुमच्या बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. अमेरिकेचा शुक्रवारचा कॉल शुक्रवारी रात्रीच संपतो, त्यामुळे शनिवारी मिस्टर मोकळे. मुलगी नऊ ते अकरा चित्रकलेच्या क्लासला. तुमच्याच कागदावर, महिन्यातून दोनदा, दोन तासांची रिकामी चौकट आहे, आणि त्यात तुम्ही सध्या वॉशिंग मशीन लावता. सकाळची वेळ आणखी एका कारणाने बरी: पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं, आणि झोप झालेली बाई सकाळी कामाच्या यादीपासून सर्वांत लांब असते, जर यादी तिची नसेल तर.

'ठरवून करायचं म्हणजे काय ते डॉक्टर, उत्स्फूर्त नको का?' हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. लग्नाआधी तुम्ही भेटायचात ते काय योगायोगाने? दिवस ठरायचा, वेळ ठरायची, घरी थाप ठरायची. ठरवायची आहे ती वेळ, कृती नाही. पहिले दोन शनिवार फक्त स्पर्श: पाठ, केस, पाय, हात. पंधरा मिनिटं एकाने, पंधरा मिनिटं दुसऱ्याने, आणि पुढे जावंसं वाटलं तरी जायचं नाही. मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीने १९७० च्या सुमाराला ही पद्धत आणली आणि आजही सेक्स थेरपीत ती पहिल्या पायरीवर आहे, कारण ती परीक्षा काढून टाकते. जमेल की नाही, होईल की नाही, हा प्रश्नच नसतो. तिसऱ्या शनिवारी बंदी उठवायची. बहुतेक जोडपी ती दुसऱ्याच शनिवारी मोडतात आणि मग मला हसत सांगतात. मोबाइल दोन्ही हॉलमध्ये, दाराला आतून कडी.

कडीवरून आठवलं. मुलगी अजून तुमच्या दोघांच्या मधे झोपते. वन बीएचकेत दुसरी सोय कठीण, हे मला कळतं. निदान तिची गादी पलंगाशेजारी जमिनीवर, तुमच्या बाजूला घाला. सहाव्या वर्षी जमतं. चार रात्री रडेल.

आता हे सगळं चुकीचं असण्याची शक्यता. सुट्टीत बरं वाटलं याचा अर्थ बाकी काहीच नाही असा नव्हे. दमणूक झोपेच्या अभावानेच आली हे गृहीत धरण्यात धोका आहे, कारण रक्त कमी असलेली बाईही दमते आणि आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी असतं. म्हणून तुम्ही आत्ताच दोन साध्या तपासण्या करून घ्या: हिमोग्लोबिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी ते. मिस्टरांची साखर आणि रक्तदाब बघा. ते घोरतात का, झोपेत श्वास अडकून दचकतात का, हे तुम्हीच सांगू शकता. तसं असेल तर सात तास झोपूनही त्यांची झोप होणार नाही, आणि त्यांना झोपेची तपासणी लागेल. दोघांपैकी कुणी नैराश्याच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेत असेल तर डॉक्टरांना सांगा. काहींनी इच्छा कमी होते. गोळी मनाने बंद मात्र करू नका.

टेस्टोस्टेरॉनच्या तपासणीबद्दल एक कबुली. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक तरुण आला होता. लागोपाठ नाइट शिफ्ट करून थेट दवाखान्यात. मी दुपारीच रक्त घ्यायला सांगितलं. आकडा खाली आला, आणि त्याने तो स्वतःवरचा शिक्का समजला. चार दिवस जेवला नाही म्हणे. सुट्टीवर जाऊन आठवडाभर झोपल्यावर सकाळी नऊला पुन्हा तपासलं, तेव्हा आकडा व्यवस्थित. चूक माझी होती, त्याच्या शरीराची नव्हती. म्हणून ही तपासणी करायचीच झाली तर सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, झोप झालेल्या आठवड्यात, आणि पहिला आकडा कमी आला तर दुसऱ्यांदा करून मगच विश्वास ठेवायचा. तुमच्या मिस्टरांना ती आज लागेल असं मला वाटत नाही. सहा आठवडे दोघांची झोप सात तासांवर येऊनही इच्छेत काहीच फरक पडला नाही तर करा, सोबत प्रोलॅक्टिन या हार्मोनचीही.

काही गोष्टींसाठी मात्र सहा आठवडे थांबू नका. पहाटे आपोआप येणारी ताठरता त्यांना सुट्टीतही येत नसेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. तिशी-चाळिशीत ते कधीकधी हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचं पहिलं लक्षण असतं. तुम्हाला संबंधाच्या वेळी दुखत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, कारण दुखणाऱ्या गोष्टीची इच्छा कुणाला होत नाही आणि त्यावर उपाय असतात. आणि दोघांपैकी कुणाला फक्त यातच नाही, तर गाणी, जेवण, मुलीचं नाचणं, कशातच रस उरला नसेल, तर ती दमणूक नव्हे, नैराश्य असू शकतं. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ.

हे सगळं मिस्टरांशी बोलायचं कसं? बिछान्यात नाही आणि रात्री अकरानंतर नाही. दोघं चालत असाल तेव्हा बोला, शेजारी शेजारी, तोंडाकडे बघावं लागत नाही ते बरं पडतं. कॅप्सूलपासून सुरुवात करू नका. माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी नवऱ्याला सांगितलेलं वाक्य मी तेव्हापासून सगळ्यांना उसनं देतो: 'मी तुम्हाला नको म्हणत नव्हते, मी पावणेदोनला नको म्हणत होते.' वेळ त्यांची वेगळी होती, तुमच्यासाठी मी बदलून लिहिली. मग हा हिशोबाचा कागद त्यांच्यापुढे ठेवा. दिवसभर आकड्यांत बसणाऱ्या माणसाला पंचेचाळीस मिनिटांची बेरीज माझ्या पत्रापेक्षा लवकर कळेल.

आणि एक तातडीचं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासाभराने मागे जातात. त्यांचा न्यूयॉर्कचा साडेनऊचा कॉल सध्या आपल्याकडे सातला लागतो, तो तेव्हापासून आठला लागेल, आणि शेवटचा कॉल अकराऐवजी बाराला संपेल. गेल्या वर्षी नव्या प्रोजेक्टबरोबर हेच झालं, आणि मार्चमध्ये घड्याळं पुढे गेली तरी पावणेदोनची सवय मागे आली नाही. आठवड्यातून दोन दिवस तरी शेवटचा कॉल दुसऱ्या कुणाला द्यायचा, हे त्यांनी मॅनेजरशी दसऱ्यापर्यंत बोलून घ्यावं. नोव्हेंबरात मागितलं तर तोवर सगळ्यांचं वेळापत्रक लागलेलं असतं.